पार्टनर नाही? मग स्वतःशीच जपानी बोला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वीकेंडला एन५ आणि एन४ च्या बॅचेस घेते. दर बॅचमधे तेच प्रश्न येतात, कधी क्लासमधे, कधी रात्री साडेअकराला व्हॉट्सॅपवर, म्हणून म्हटलं एकदा सगळं एका जागी लिहून टाकावं. खाली जपानी शब्द देवनागरीत लिहिलेत. जिथे ऽ आहे तिथे तो स्वर खरंच लांबवायचा, आणि झ सगळीकडे 'झरा'तला वाचायचा, 'झेंडा'तला नाही.

हे नेमकं करायचं काय असतं?

तुम्ही जे काम करताय ते करता करता तोंडाने जपानीत सांगत जायचं. चहा टाकताय, कपडे वाळत घालताय, डबा भरताय, जे चालू असेल ते, मोठ्याने. मनातल्या मनात नाही हं. मनात सगळ्यांचं जपानी फ्लुएंट असतं. तोंड उघडलं की कळतं क्रियापदाचा ते-फॉर्मच आठवत नाहीये.

पण मी एन३ पास आहे, मला याची काय गरज?

तुम्हालाच तर जास्त गरज आहे! जेएलपीटीमधे बोलायची परीक्षाच नाहीये. शब्द, ग्रामर, वाचन आणि ऐकणं, बस्स, आणि सगळं पर्याय निवडून गोल काळे करायचे. एन५ पासून एन१ पर्यंत हेच. कामाच्या व्हिसासाठी जी जेएफटी-बेसिक देतात तिच्यात 'संभाषण' नावाचा भाग आहे खरा, पण तिथेही स्क्रीनवर बरोबर उत्तरावर क्लिकच करायचं. त्यामुळे एन३ चं सर्टिफिकेट हातात आहे आणि इंटरव्ह्यूला समोरच्या जपानी माणसाने 'वीकेंडला काय केलंत' विचारलं की घाम फुटतो, असे लोक पुण्यात भरपूर भेटतील. ओळखता येणं वेगळं आणि वेळेवर तोंडातून बाहेर येणं वेगळं, आणि दुसऱ्याची सवय परीक्षेच्या तयारीत कुठेच होत नाही.

कुठल्या लेव्हलपासून सुरू करू?

ते-फॉर्म झाला की. त्याच्या आधी केलंत तर 'कोरे वा कोप्पु देसु', म्हणजे हा ग्लास आहे, हा चमचा आहे, असंच चालतं आणि चार दिवसांत कंटाळा येतो. ते-फॉर्म आला की दोन कामं जोडता येतात, 'आत्ता करतेय' म्हणता येतं, 'करून ठेवलं' म्हणता येतं.

आणि इथे मराठीवाल्यांची मजा आहे, कारण ही रचना आपल्याकडे जवळजवळ तशीच्या तशी आहे. करून बघते म्हणजे शिते मिरु, करून ठेवते म्हणजे शिते ओकु, करून टाकलं म्हणजे शिते शिमात्ता. इंग्लिशमधून शिकणारे यावर डोकं आपटत असतात, आपल्याला फक्त जोडी लावायचीय. वाक्यात क्रियापद शेवटी, तेही आपल्यासारखंच. म्हणून 'मराठीत विचार करून जपानीत बोलतोय, चालेल का' असं जे विचारतात त्यांना मी सांगते की सुरुवातीला बिनधास्त करा. कुठे फसतं ते पुढे येतंच.

देसु-मासुमधे बोलू का साध्या फॉर्ममधे?

काम चालू असताना साध्या फॉर्ममधे. जपानी माणूस स्वतःशी बोलताना मासु लावत नाही, आपण नाही का स्वतःला 'चला, आता भांडी घासावीत अशी विनंती आहे' म्हणत. त्यांची स्वतःशी बोलायची एक वेगळीच ढब असते आणि ती क्लासमधे सहसा शिकवत नाहीत. 'साते' म्हणजे आपलं 'चला तर'. 'योशि' म्हणजे 'हं, झालं'. जड काही उचलताना किंवा खाली बसताना 'योइशो'. 'करू का, करावं का' असं मनाशी चाललं असेल तर क्रियापदाचा ओऽ वाला फॉर्म आणि पुढे 'का ना', म्हणजे 'नानि ओ त्सुकुरोऽ का ना', काय बरं करावं. आणि विसरलेल्या गोष्टीला 'क्के': 'कागि, दोको नि ओइताक्के?', किल्ली कुठे बरं ठेवली. एवढे पाच-सहा प्रकार तोंडात बसले तरी तुमचं बोलणं वहीतून वाचल्यासारखं वाटत नाही.

मासु फॉर्म वापरायचा तो दुसऱ्या कोणाला तरी सांगतोय असं समजून बोलताना, त्याचं पुढे सांगते.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवाल का?

चहा घेऊ, रोज होतो आणि दहा मिनिटांत संपतो. आपल्या दुधाच्या चहाला तिकडे 'चाइ' म्हणतात, नुसतं 'ओचा' म्हणालात तर त्यांच्या डोळ्यांसमोर ग्रीन टी येतो.

हात लावायच्या आधी काय करणार ते म्हणा: 'साते, चाइ देमो त्सुकुरोऽ का ना.' चला, चहाबिहा टाकावा का.

मग काम सुरू. 'नाबे नि मिझु ओ इरेरु', पातेल्यात पाणी घालते. 'हि ओ त्सुकेरु', गॅस पेटवते. 'शोऽगा ओ सुरिओरोसु', आलं किसते. हात किसण्यातच आहे आणि पुढचं वाक्य सुचत नाहीये तर तेच चालू रूपात म्हणा, 'इमा, शोऽगा ओ सुरिओरोशिते इरु'. पाण्याला बुडबुडे यायला लागले की 'ओयु गा वाइते किता'. इथे एक लक्षात ठेवा, नळातून येतं ते मिझु, पण उकळतं ते ओयु. जपानीत 'गरम पाणी उकळवतात', ओयु ओ वाकासु, मिझु ओ वाकासु म्हणालात तर कानाला खटकतं. मग 'चाबा तो सातोऽ ओ इरेते, ग्यूऽन्यूऽ ओ कुवाएरु', चहा पावडर आणि साखर टाकून दूध घालते. 'हि ओ योवामेरु', गॅस बारीक करते.

आता दूध वर यायला लागलं. 'आ, फुकिकोबोरेसोऽ!', अरे उतू जाईल! आणि गेलंच तर 'आऽ, फुकिकोबोरेचात्ता', गेलं उतू. हे 'चात्ता' म्हणजे मगाचंच ते शिमात्ता, बोलताना आखडलेलं. पुस्तकात याची दहा वाक्यं वाचण्यापेक्षा एकदा ओट्यावर दूध सांडलेलं असताना म्हणा, परत विसरणार नाही. शेवटी 'चाकोशि दे कोसु', गाळणीने गाळते, आणि 'योशि, देकिता'.

संपल्यावर, चहा पिता पिता, झालेलं सगळं भूतकाळात सांगा: 'चाइ ओ त्सुकुत्ता. ग्यूऽन्यूऽ गा सुकोशि फुकिकोबोरेते शिमात्ता. नाबे ओ मिझु नि त्सुकेते ओइता.' दूध थोडं उतू गेलं, पातेलं पाण्यात भिजत ठेवलं. म्हणजे एकाच चहात करणार आहे, करतेय आणि केलं असे तिन्ही काळ होतात. ही तीन वेळची पद्धत सोडू नका, नुसतं 'करतेय करतेय' म्हणत राहिलात तर महिनाभराने भूतकाळ तेवढाच कच्चा राहतो.

रोज तेच काम, तीच वाक्यं, कंटाळा येतो. पुढे काय?

काम बदलू नका, वाक्य बदला. पहिला आठवडा सुटी सुटी वाक्यं. मग त्याला कारण जोडा, 'सामुइ कारा, शोऽगा ओ ताकुसान् इरेरु', थंडी आहे म्हणून आलं जास्त. मग 'झालं की' जोडा, म्हणजे तारा वाला फॉर्म. आणि चौथ्या टप्प्यात कोणी जपानी पाहुणी शेजारी उभी आहे असं समजून तिला शिकवा, इथे येतो मासु फॉर्म: 'माझु, मिझु ओ इरेमासु. त्सुगि नि, शोऽगा ओ इरेमासु. फुत्तोऽ शितारा, ग्यूऽन्यूऽ ओ इरेमासु.'

हा चौथा टप्पा ज्यांना जपानी कंपनीत काम करायचंय त्यांनी अजिबात सोडू नये. तिथे बऱ्याच ठिकाणी दिवसअखेर निप्पोऽ, म्हणजे आज काय काय केलं त्याचा रिपोर्ट द्यावा लागतो. क्रमाने, मासुमधे, काय झालं काय राहिलं. घरी झोपायच्या आधी दिवसाचा दोन मिनिटांचा निप्पोऽ मोठ्याने द्या, ऑफिसचा असेल नाहीतर घरच्या धुण्याभांड्याचा.

बोलताना मधेच शब्द अडला तर थांबून डिक्शनरी बघू का?

नाही. एकदा मोबाइल हातात घेतला की चहाही गेला आणि जपानीही. अडलं की 'नान् ते इउन्दाक्के', काय बरं म्हणतात, असं जपानीतच म्हणा आणि वळसा घालून पुढे जा. किसणी आठवत नाही? 'शोऽगा ओ सुरिओरोसु मोनो', आलं किसायची वस्तू. समोर खरा माणूस असला तरी हेच करावं लागणार आहे, तिथे कुठे डिक्शनरी उघडत बसणार.

अडलेले शब्द फ्रिजवरच्या कागदावर मराठीत खरडून ठेवा आणि रात्री त्यातले तीन-चारच बघा. सगळे बघायला गेलात की यादी वाढत जाते आणि वापरायला एकही मिळत नाही.

काही गोष्टींना शब्दच मिळणार नाही, तिथे शोधत बसू नका. फोडणीचं घ्या. 'आत्सुइ आबुरा नि सुपाइसु ओ इरेते, काओरि ओ दासु', गरम तेलात मसाले टाकून वास सोडवायचा, एवढं म्हटलं की जपानी माणसाला चित्र दिसतं. वर 'पाचिपाचि' जोडा, मोहरी तडतडल्याचा तो आवाज, आणि रस्सा खदखदतोय तर 'गुत्सुगुत्सु'. हे आवाजाचे शब्द जपानी लोक मोठी झालेली माणसंसुद्धा सर्रास वापरतात, लहान मुलांची भाषा नाहीये ती, आणि स्वयंपाकघराइतकी त्यांच्या प्रॅक्टिसला दुसरी जागा नाही.

चुका सुधारायला कोणी नाही. चुकीचंच पक्कं होऊन बसेल ना?

हा सगळ्यात खरा प्रश्न आहे. हो, बसू शकतं. म्हणून आठवड्यातून एकदा तरी एक मिनिटाचं रेकॉर्डिंग करा, फोन ओट्यावर उभा करून, आणि नंतर जसं बोललात तसं, चुकांसकट, लिहून काढा. सुधारत सुधारत लिहू नका, मग चूक दिसतच नाही. लिहून झालं की सगळं तपासायला जाऊ नका. मराठीवाल्यांच्या ठरलेल्या चार जागा आहेत, तेवढ्या बघा.

पहिली, दे आणि नि. आपल्याकडे दोन्हीला 'मधे'. किचनमधे चहा करते, फ्रिजमधे दूध ठेवते. जपानीत जिथे काम घडतं तिथे दे, वस्तू जिथे जाऊन बसते तिथे नि: 'किच्चिन् दे त्सुकुरु' पण 'रेइझोऽको नि इरेरु'. कागदावर 'रेइझोऽको दे इरेरु' दिसलं की तुम्ही फ्रिजच्या आत उभं राहून काहीतरी घालताय.

दुसरी, जोडीची क्रियापदं. पेटणं आणि पेटवणं, विझणं आणि विझवणं, उकळणं आणि उकळवणं. मराठीत आपण कधी चुकत नाही, जपानीत 'हि गा त्सुकेरु' असं होऊन जातं, एकाचं गा आणि दुसऱ्याचं क्रियापद. हि गा त्सुकु (पेटतो), हि ओ त्सुकेरु (पेटवते). jisho.org वर क्रियापद टाकलं की ते सकर्मक आहे का अकर्मक ते तिथेच लिहिलेलं असतं.

तिसरी, आपलं 'लावणे'. दिवा लावते, दार लावते, कुलूप लावते, क्रीम लावते, चष्मा लावते, सगळ्याला एकच. तिकडे दिवा त्सुकेरु, दार शिमेरु, कुलूप आणि चष्मा काकेरु, क्रीम नुरु. घरातून बाहेर पडतानाची पाच मिनिटं बोलून बघा, यातले निम्मे शब्द तिथेच लागतात. कपड्यांचंही तसंच, शर्ट किरु, पॅन्ट आणि बूट हाकु, टोपी काबुरु.

चौथी, ते इरु. याला वेगळा प्रश्न दिलाय, खाली बघा.

चुकलेलं वाक्य सापडलं की दुसऱ्या दिवशी तेच काम, आणि सुरू करायच्या आधी ते एक वाक्य बरोबर करून मोठ्याने म्हणायचं. दोन-तीन आठवड्यांच्या रेकॉर्डिंगमधे तीच चूक परत येत असेल तर मात्र ती कोणाला तरी, टीचरला किंवा पुढच्या लेव्हलच्या मित्राला, दाखवाच, कारण मग बहुतेक नियमच चुकीचा समजलेला असतो.

स्टेशनवर चालत जाताना 'एकि नि इत्ते इरु' म्हणते, सर म्हणाले चूक. का?

कारण त्याचा अर्थ 'गेलीये' असा होतो, जाऊन तिथे आहे. आपण फोनवर सांगतो ना, 'बाबा बाजारात गेलेत', ते हे इत्ते इरु. 'आत्ता करतेय' हा अर्थ त्सुकुरु, आरुकु, ताबेरु अशा कामांना येतो जी थोडा वेळ चालू राहतात. जी एका क्षणात होऊन जातात आणि मग तसंच राहतं, त्यांना ते इरु लावलं की मराठीतलं 'बसलाय, उठलीये, लागलाय' होतं. देन्कि गा त्सुइते इरु म्हणजे दिवा लागलेला आहे, लागतोय नाही. ओकिते इरु म्हणजे जागी आहे.

मग वाटेत काय म्हणायचं? 'एकि नि मुकात्ते इरु', स्टेशनकडे चाललेय, किंवा सरळ 'आरुइते इरु'. घरातून अजून निघायचंय तर 'इमा कारा इकु तोकोरो'. या क्षणात होणाऱ्या क्रियापदांसाठी एक सोपी चाचणी, मराठीत '-लाय/-लीये' करून बघा, तो अर्थ जुळत असेल तर ते इरु बरोबर बसलंय.

घरचे हसतात, हॉस्टेलला रूममेट आहे, वेड लागल्यासारखं वाटतं.

कानात इअरफोन घाला, लोकांना वाटतं फोनवर बोलताय, विषय संपला. पुटपुटून मात्र फार उपयोग नाही, कारण पुटपुटताना आपण नेमके तेच स्वर गिळतो जे जपानीत लांबवायचे असतात. ओबासान् म्हणजे मावशी-काकू आणि ओबाऽसान् म्हणजे आजी, कुजबुजीत दोघी सारख्याच.

आणि जपानमधे तर कामावर असं बोलणं हा नियमाचा भाग आहे. तिथले ट्रेनचे ड्रायव्हर सिग्नलकडे बोट दाखवून 'शुप्पात्सु शिन्कोऽ' असं केबिनमधे एकटे असले तरी मोठ्याने म्हणतात, चूक होऊ नये म्हणून. युबिसाशि कोशोऽ म्हणतात त्याला. सासूबाईंना व्हिडिओ दाखवा एखादा, मग नाही हसत. निघताना गॅसकडे बोट करून 'गासु, योशि!' आणि कुलपाकडे बोट करून 'कागि, योशि!' म्हणायची सवय तर मी सगळ्या बॅचला लावते, जपानीसाठी नाही झालं तरी गॅससाठी बरं.

रोज किती वेळ?

दहा मिनिटं पुरेत, पण एखाद्या ठरलेल्या कामाला बांधून टाका. 'वेळ मिळाला की बोलेन' म्हणणाऱ्यांना तो मिळत नाही. आणि डोकं लागणारं काम निवडू नका, हिशोब करताना किंवा गाडी चालवताना अजिबात नको.

हे करून मला जपानी बोलता येईल का?

सांगता येईल, गप्पा मारता येतील असं नाही. एकट्याने बोलताना तुम्हाला कोणी मधेच तोडत नाही, कोणी भराभर बोलत नाही, आणि तुम्ही प्रश्न तर जवळजवळ विचारतच नाही. जपानी माणूस बोलत असताना समोरच्याने मधे मधे 'हाइ', 'नारुहोदो', 'सोऽ देसु का' म्हणत राहायचं असतं, ऐझुचि म्हणतात त्याला. ते एकट्याने येत नाही, कारण दाद द्यायला कोणाचं तरी बोलणं लागतं. मान द्यायची भाषा, केइगो, तीही तशीच, स्वतःला कोण मान देतं. उच्चारांचा चढउतारही स्वतःचं ऐकून सुधारत नाही, त्याला खऱ्या जपानी आवाजाशी ताडून बघावं लागतं. ओजाड नावाची टोकियो युनिव्हर्सिटीची ऑनलाइन ॲक्सेंट डिक्शनरी आहे, तिथे क्रियापदांची रूपं ऐकता येतात.

म्हणून महिन्यातून दोनदा जरी कोणाशी खरं बोलायला मिळालं तरी सोडू नका, ऑनलाइन असलं तरी. फरक इतकाच की तिथे गेल्यावर वेळ ते-फॉर्म आठवण्यात जात नाही.

जपानला गेल्यावर चालू ठेवू का?

ठेवा, आणि दुकानाचं, कचरा वेगळा करायचं, वॉशिंग मशीनच्या बटणांचं असं सगळं नवीन घ्या, तिकडचे शब्द तिकडेच मिळतात. फक्त इअरफोनची युक्ती ट्रेनमधे चालत नाही. तिथे ट्रेनमधे फोनवर बोलणंच बरं दिसत नाही, अनाउन्समेंटमधेही सांगतात, लोक बोलत नाहीत काही पण बघतात. तिकडे रूमवर बोला नाहीतर नदीकाठी चालताना.